सी५४ डीएसपीवर एफआयआर फिल्टर: एका टॅपला एक सायकल कशी मिळवायची आणि ती मिळाली हे कसं तपासायचं

एफआयआर फिल्टरचं गणित एका ओळीत मावतं. शेवटचे `N` सॅम्पल घ्यायचे, प्रत्येकाला त्याच्या सहगुणकाने गुणायचं आणि बेरीज करायची. कागदावर समजायला दहा मिनिटं पुरतात. तेच डीएसपीवर उतरवताना मात्र दोघांनी लिहिलेल्या एकाच फिल्टरच्या वेगात तीस-चाळीस पटींचा फरक पडलेला दिसतो, आणि दोन्हींचं उत्तर बरोबर असतं. हा फरक नेमका कुठून येतो, हे इथे एका ठरावीक चिपवर आणि एका ठरावीक फिल्टरवर पाहू.

चिप आहे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस३२०सी५४१६. ती १६ बिटांची फिक्स्ड पॉइंट चिप असून १६० मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे एक सायकल ६.२५ नॅनोसेकंदांची. फिल्टर आहे ६४ टॅप्सचा लो पास, सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ. भागाकार केला की दोन सॅम्पल्सच्या मध्ये साधारण ३३३३ सायकली हाताशी असल्याचं दिसतं. फिल्टरसकट जे काही करायचं ते एवढ्यात बसलं पाहिजे.

सी भाषेतला सरळ मार्ग महाग का पडतो

बहुतेक जण सुरुवात अशी करतात:

```c
x[p] = in;
acc = 0;
for (k = 0; k < N; k++)
    acc += (long)h[k] * x[(p + N - k) % N];
p = (p + 1) % N;
```

उत्तर बरोबर येतं. अडचण `%` या चिन्हात आहे. सी५४ कुटुंबात भागाकाराचं स्वतंत्र हार्डवेअर नाही. `SUBC` ही सशर्त वजाबाकीची आज्ञा सोळा वेळा चालवून भागाकार करावा लागतो. त्यावर फंक्शनला जाणं-येणं आणि चिन्हाची तपासणी वेगळी. गुणाकाराला एक सायकल लागते, आणि कोणता सॅम्पल गुणायचा हे ठरवायला त्याच्या कितीतरी पट.

`N` चौसष्ट असल्यामुळे `% N` ऐवजी `& 63` लिहिता येतं, आणि त्याने बराच फरक पडतो. तरीही दर टॅपला इंडेक्सची बेरीज, मास्क, पत्ता रजिस्टरमध्ये भरणं, गुणाकार आणि लूपची उडी एवढं सगळं शिल्लक राहतं. खरं काम त्यातलं एकच आहे, गुणून मिळवणं. बाकी सगळी पत्त्यांची उठाठेव. ही उठाठेव हार्डवेअरकडे सोपवता येते, आणि डीएसपी चिप मुळात त्यासाठीच घडवलेली असते.

याआधीच्या पिढीशी तुलना केली की हे जास्त ठळक होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या टीएमएस३२०१० चिपवर एका टॅपसाठी `LTD` आणि `MPY` ही जोडी लागायची, म्हणजे २०० नॅनोसेकंदांच्या दोन सायकली. ६४ टॅप्सना २५.६ मायक्रोसेकंद होतात, आणि ४८ किलोहर्ट्झला दोन सॅम्पल्समधलं अंतर आहे २०.८ मायक्रोसेकंद. आपला हा साधा फिल्टर त्या चिपवर बसलाच नसता.

बफर जागेवर ठेवा, पॉइंटर फिरवा

नवा सॅम्पल आला की जुने सगळे एकेक घर सरकवणं ही शिफ्ट रजिस्टरची पद्धत. सर्क्युलर बफरमध्ये कोणीच सरकत नाही. सर्वांत जुन्या सॅम्पलच्या जागी नवा लिहायचा आणि पॉइंटर एक घर पुढे न्यायचा, एवढंच. पॉइंटर शेवटच्या घरातून पुढे निघाला की हार्डवेअर त्याला पहिल्या घरात आणून ठेवतं.

पॉइंटरची चाल नीट समजण्यासाठी क्षणभर `N` चार धरू. बफरच्या घरांत ०, १, २, ३ या क्रमाने x4, x5, x2, x3 आहेत, आणि पॉइंटर घर २ वर आहे, कारण x2 सर्वांत जुना. आता x6 आला. तो घर २ मध्ये लिहिला आणि पॉइंटर ३ वर गेला. तिथे x3 आहे, जो आता सर्वांत जुना झाला. इथून चार पावलं चालत वाचत गेलो तर क्रम मिळतो x3, x4, x5, x6, म्हणजे जुन्यापासून नव्यापर्यंत. चार पावलं झाल्यावर पॉइंटर पुन्हा घर ३ वर, बरोबर त्या सॅम्पलवर ज्याच्या जागी पुढचा x7 लिहायचा आहे.

या चालीतून दोन गोष्टी निघतात. पहिली, पॉइंटर मूळ जागी आणायला वेगळी आज्ञा लागत नाही; `N` वेळा पुढे गेला की तो आपोआप हव्या त्या घरात पोचतो. दुसरी, सॅम्पल जुन्यापासून नव्याकडे वाचले जात असल्याने सहगुणकांचं टेबल उलटं लिहावं लागतं: आधी `h(N-1)`, शेवटी `h(0)`. हे विसरलं तर काय होतं ते पुढे तपासणीच्या वेळी येईल.

प्रत्यक्ष कोड

आधी मेमरीची मांडणी आणि एकदाच करायची तयारी:

```
        .mmregs
N       .set   64
        .sect  "coef"
        .align 128
coef    .word  256*64, 256*63    ; ... असेच खाली 256*1 पर्यंत
        .sect  "xbuf"
        .align 128
xbuf    .space 16*N              ; .space बिटांत मोजतं

        .text
init:   STM    #1, AR0
        STM    #N, BK
        STM    #xbuf, AR2
        STM    #coef, AR3
        SSBX   FRCT
        RSBX   OVM
        RPTZ   A, #(N-1)
        STL    A, *AR2+%         ; बफर शून्य करा
        RET
```

आणि दर सॅम्पलला चालणारा भाग. नवा सॅम्पल `A` च्या खालच्या १६ बिटांत येतो, उत्तर `A` च्या ३१ ते १६ या बिटांत मिळतं:

```
fir:    STL    A, *AR2+%                 ; १
        RPTZ   A, #(N-1)                 ; २
        MAC    *AR2+0%, *AR3+0%, A       ; N
        RND    A                         ; १
        SAT    A                         ; १
        RET                              ; ५
```

सगळा खेळ `RPTZ` आणि `MAC` या दोन ओळींत आहे. `RPTZ` ॲक्युम्युलेटर शून्य करते आणि पुढची आज्ञा किती वेळा चालवायची ते मोजणीच्या रजिस्टरमध्ये भरते. मोजणी शून्यापासून असल्याने ६४ फेऱ्यांसाठी ६३ लिहायचं. त्यानंतर `MAC` एकाच सायकलमध्ये बफरमधून एक आणि टेबलमधून एक असे दोन आकडे वाचते, गुणते, बेरजेत मिळवते आणि दोन्ही पॉइंटर पुढे सरकवते. लूपची उडी नाही, इंडेक्स नाही. पुनरावृत्ती सुरू असताना ही आज्ञा प्रोग्राम मेमरीतून पुन्हा आणावीही लागत नाही.

`STL` मध्ये `*AR2+%` लिहिलं आणि `MAC` मध्ये `*AR2+0%`, याचं कारण आज्ञेच्या आकारात आहे. दोन ऑपरंडची `MAC` एका १६ बिटी शब्दात बसवायची तर प्रत्येक ऑपरंडच्या वाट्याला चारच बिट येतात: दोन रजिस्टर निवडायला, दोन पत्त्याची पद्धत निवडायला. म्हणून इथे फक्त `AR2` ते `AR5` चालतात, आणि पद्धतीही चारच: जागेवर राहणं, एकाने मागे, एकाने पुढे, आणि `AR0` इतकं पाऊल टाकत गोलाकार फिरणं. एकाने पुढे जात गोलाकार फिरण्याची स्वतंत्र पद्धत इथे नाही, म्हणूनच आपण `AR0` मध्ये १ भरून ठेवतो. दुसऱ्या कोणत्या कोडने `AR0` बदलला तर फिल्टर निमूटपणे घरं वगळत चालतो आणि कुठलीही एरर येत नाही. `MAC` मध्ये `AR1` किंवा `AR6` लिहिलं तर मात्र असेंबलर तिथेच अडवतो.

शेवटच्या भागातले तीन तपशील. `FRCT` बिट एक केला की प्रत्येक गुणाकार एक घर डावीकडे सरकतो, आणि क्यू१५ गुणिले क्यू१५ हे क्यू३१ मध्ये मिळतं. ॲक्युम्युलेटर ४० बिटांचा आहे, त्यातले वरचे ८ गार्ड बिट. त्यामुळे बेरीज मध्येच ३२ बिटांच्या बाहेर गेली तरी माहिती हरवत नाही, नंतरच्या उणे पदांनी ती परत आत येऊ शकते. याच कारणाने `OVM` शून्य ठेवायचा. तो एक असेल तर प्रत्येक बेरजेनंतर मर्यादा लागते, आणि मध्ये कापलेली बेरीज पुढच्या पदांनी दुरुस्त होत नाही. मर्यादा शेवटी एकदाच `SAT` ने लावायची, त्याच्या आधी `RND` ने पूर्णांकन.

१२८ की ६४? अलाइनमेंटचा नियम

माझ्या मते हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण इथली चूक दिसत नाही.

गोलाकार पत्ता काढण्यासाठी हार्डवेअर बफरचा प्रारंभ कुठेच साठवत नाही. त्याला फक्त `BK` मधली लांबी माहीत असते. `BK` पेक्षा मोठा असा दोनाचा सर्वांत लहान घात ते घेतं, पॉइंटरचे तितके खालचे बिट म्हणजे इंडेक्स, आणि ते बिट शून्य केले की उरतो तो प्रारंभ. इंडेक्समध्ये पाऊल मिळवायचं. बेरीज `BK` इतकी किंवा जास्त झाली तर `BK` वजा करायचं. बस, एवढाच नियम.

यात `BK` "पेक्षा मोठा" या शब्दांकडे लक्ष द्या. ६३ टॅप्स असतील तर ६४ पुरतो. ६४ टॅप्स असतील तर ६४ हा ६४ पेक्षा मोठा नाही, म्हणून १२८ लागतो. ६४ शब्दांचा बफर आहे म्हणून `.align 64` लिहिणं अगदी साहजिक वाटतं, आणि ते चुकीचं आहे.

समजा तसंच लिहिलं आणि लिंकरने बफर `0x0C40` ला ठेवला. खालचे सात बिट पाहिले तर इंडेक्स निघतो ६४ आणि प्रारंभ `0x0C00`. `init` मधलं पहिलं शून्य `0x0C40` मध्ये लिहिलं जातं. पुढचं पाऊल: ६४ अधिक १ म्हणजे ६५, तो ६४ पेक्षा मोठा, म्हणून ६४ वजा, इंडेक्स १. पॉइंटर आता `0x0C01` वर. इथून पुढे तो `0x0C00` ते `0x0C3F` या पट्ट्यातच फिरत राहतो, आणि तुमच्या बफरकडे पुन्हा कधीच वळत नाही.

आता खरी मेख. सॅम्पलच्या बफरचं असं झालं तर फिल्टरचं उत्तर बरोबरच येत राहतं! पॉइंटर चुकीच्या जागी फिरतो आहे, पण ६४ घरांतच फिरतो आहे, आणि जिथे लिहितो तिथूनच वाचतो. बिघडतं ते `0x0C00` पासून ठेवलेलं दुसऱ्या कोणाचं तरी. एखादा काउंटर, आवाजाची पातळी, दुसऱ्या चॅनलचा डेटा. लक्षण दिसतं एकीकडे आणि कारण असतं भलतीकडे, त्यामुळे माणसं दिवसचे दिवस चुकीच्या फाइलमध्ये शोधत बसतात. सहगुणकांच्या टेबलचं असं झालं तर निदान लगेच कळतं, कारण टेबलात कोणी लिहीत नाही. वाचलेले आकडेच परके असतात आणि आउटपुट सरळसरळ कचरा येतो.

म्हणून बिल्ड झालं की लिंकरची मॅप फाइल उघडून `xbuf` आणि `coef` यांचे पत्ते डोळ्यांनी पाहायचे. ६४ टॅप्ससाठी पत्त्याचे शेवटचे दोन हेक्स अंक `00` किंवा `80` हवेत. दुसरं काही दिसलं तर पुढे जाऊ नका. अलाइनमेंटमुळे मध्ये वाया जाणाऱ्या जागेत दुसरे छोटे व्हेरिएबल ठेवता येतात, पण मेमरीची खरीच चणचण असेल तर ६३ टॅप्सचा फिल्टर डिझाइन करणं हा जास्त सोपा उपाय आहे. एका टॅपने फिल्टरच्या दर्जात काही जाणवत नाही, आणि अलाइनमेंट अर्ध्यावर येते.

`BK` बद्दल आणखी एक. सी५४ वर `BK` रजिस्टर एकच आहे. आपल्याकडे बफर आणि टेबल दोन्ही ६४ चे असल्याने ते एकाच `BK` वर चालतात. वेगळ्या लांबीचा दुसरा फिल्टर त्याच प्रोग्राममध्ये असेल तर प्रत्येकाच्या आधी `BK` नव्याने भरावा लागतो. तो भरल्यावर लगोलग पुढच्याच आज्ञेत गोलाकार पत्ता वापरू नये, कारण पाइपलाइनमध्ये नवी किंमत तोवर पोचलेली नसते. मध्ये एखाद-दुसरं दुसरं काम घालावं.

सायकलींचा हिशेब

कोडशेजारी लिहिलेले आकडे मिळवू. `STL` ची १, `RPTZ` च्या २, `MAC` च्या ६४, `RND` आणि `SAT` ची प्रत्येकी १, `RET` च्या ५. होतात ७४. बोलावणाऱ्या `CALL` च्या ४ धरल्या की ७८. सर्वसाधारण सूत्र झालं `N + 14`.

४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ७८ × ४८००० म्हणजे ३७ लाख ४४ हजार सायकली खर्च होतात, १६ कोटींपैकी सुमारे २.३ टक्के. `RET` ऐवजी `RETD` वापरून तिच्या मागच्या दोन जागांत `RND` आणि `SAT` ठेवले तर आणखी २ सायकली वाचतात. चौसष्ट टॅप्सच्या फिल्टरात त्यासाठी कोड वाचायला अवघड करणं मला पटत नाही. आठ-दहा टॅप्सचे छोटे फिल्टर अनेक असतील तर मात्र तो विचार जरूर करावा.

टॅप्स वाढवायचे झाले तर काय होतं ते पाहू. हॅमिंग विंडोने केलेल्या फिल्टरचा ट्रान्झिशन बँड साधारण ३.३ गुणिले सॅम्पलिंग दर भागिले `N` इतका असतो. आपल्या ६४ टॅप्सना तो जवळपास २.५ किलोहर्ट्झ येतो. तो ५०० हर्ट्झ हवा असेल तर ३२० च्या आसपास टॅप्स लागतील. खर्च ३३४ सायकली, म्हणजे चिपचा दहा टक्के वेळ. `BK` ३२०, अलाइनमेंट ५१२. `.align` मधला आकडा बदलायचा इथे हमखास राहून जातो, कारण बाकी सगळं `N` बदललं की आपोआप बदलतं.

टॅप्स वाढले की आणखी एक किंमत मोजावी लागते, जी टक्केवारीत दिसत नाही. `RPT` आणि `RPTZ` ची पुनरावृत्ती सुरू असताना चिप इंटरप्ट घेत नाही. ६४ टॅप्सना ही थांबणूक ०.४ मायक्रोसेकंदांची, ३२० ना २ मायक्रोसेकंदांची. ऑडिओला याने काही बिघडत नाही. पण त्याच चिपवर वेगवान सिरियल पोर्ट किंवा मोटर कंट्रोल चालू असेल, तर हजार टॅप्सची एक लांब पुनरावृत्ती तोडून चार तुकड्यांत चालवावी. पहिल्या तुकड्याला `RPTZ`, पुढच्यांना `RPT`. पॉइंटर आणि बेरीज जिथल्या तिथे राहतात, प्रत्येक जादा तुकड्यामागे फक्त `RPT` आणि तिच्या जोडीच्या कामाची एखाद-दुसरी सायकल वाढते.

या हिशेबात फिल्टरचा विलंब मिसळू नका. सममित ६४ टॅप्सचा फिल्टर सिग्नलला ३१.५ सॅम्पल्स उशिरा बाहेर देतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला जवळपास ६५६ मायक्रोसेकंद. गणनेला लागतो अर्धा मायक्रोसेकंद. दुप्पट वेगाची चिप आणली तरी ६५६ तसेच राहणार.

तपासणी: आधी उत्तर, मग वेळ

खरे सहगुणक घालण्याआधी वरच्या कोडमधलं टेबल घाला: `h(0)` २५६, `h(1)` ५१२, असं करत `h(63)` १६३८४. टेबल उलटं लिहायचं असल्याने १६३८४ सर्वांत वर येतो. खरा लो पास फिल्टर सममित असतो, म्हणून त्यात टेबल उलटसुलट झालं तरी उत्तर तेच येतं आणि चूक लपून राहते. चढत्या आकड्यांत ती लपत नाही.

आता इम्पल्स द्या: एक सॅम्पल `0x4000`, त्यानंतर सगळे शून्य. हा क्यू१५ मध्ये अर्धा आहे, म्हणून आउटपुट सहगुणकांच्या निम्मं यायला हवं: १२८, २५६, ३८४, असं वाढत चौसष्टावं ८१९२, आणि पासष्टावं शून्य. आलेल्या आकड्यांवरून दोष ओळखता येतो. ८१९२ पासून उतरत आले तर टेबल सरळ लिहिलंय, ते उलटं करा. सगळे बरोबर निम्मे आले, म्हणजे ६४, १२८, १९२, तर `FRCT` शून्य राहिलाय. क्रम मध्येच तुटून शून्य येऊ लागलं, किंवा सुरुवातीपासून सगळे शून्यच आले, तर `BK` आणि `RPTZ` मधले आकडे जुळत नाहीत. अधूनमधून परके आकडे दिसले तर मॅप फाइलकडे परत जा. उत्तर सगळं बरोबर आलं तरी मॅप फाइल पाहायचीच. कारण वर दिलंय.

हे रुटीन सी प्रोग्राममधून बोलावत असाल तर `FRCT` ची विशेष काळजी घ्यावी लागते. टीआयचा सी कंपायलर तो बिट शून्य आहे असं धरून चालतो. तो एक ठेवून परत गेलात तर सी मधले साधे पूर्णांक गुणाकार दुप्पट येऊ लागतात. तसंच `AR0`, `AR2` आणि `AR3` ही रजिस्टरं कंपायलर स्वतःच्या कामाला हवी तशी वापरतो, दोन कॉल्सच्या मध्ये त्यांतल्या किमती टिकत नाहीत. म्हणून फिल्टरमध्ये शिरताना पॉइंटर मेमरीतून उचलायचे, `AR0` आणि `BK` भरायचे, `FRCT` एक करायचा, आणि निघताना पॉइंटर साठवून `FRCT` शून्य करायचा. याला काही सायकली जादा लागतात. त्या सूत्रातल्या १४ मध्ये मिळवा, `N` च्या पुढे त्या वाढत नाहीत.

उत्तर जमलं की वेळ. सिम्युलेटरचा सायकल काउंटर उपयोगी आहेच, पण खरी मेमरी आणि खरं घड्याळ बोर्डवरच कळतं. चिपवर `XF` नावाची एक पिन आहे, ती एका आज्ञेत वर-खाली करता येते:

```
        SSBX   XF
        CALL   fir
        RSBX   XF
```

ऑसिलोस्कोपवर पल्सची रुंदी पाहा. ती सुमारे अर्धा मायक्रोसेकंद असायला हवी. मात्र एकाच आकड्यावर विसंबू नका, कारण पिन हलवण्याचा एखाद-दुसऱ्या सायकलीचा खर्च त्यात मिसळलेला असतो. `N` ३२ करून एकदा आणि ६४ करून एकदा मोजा, आणि दोन रुंदींची वजाबाकी करा. मधला सगळा स्थिर खर्च वजाबाकीत उडून जातो आणि उरते फक्त ३२ टॅप्सची किंमत. दर टॅपला एक सायकल पडत असेल तर फरक २०० नॅनोसेकंद येतो.

फरक कित्येक मायक्रोसेकंद आला तर बहुधा बफर किंवा टेबल चिपबाहेरच्या मेमरीत गेलंय. सी५४१६ मध्ये आतली ड्युअल ॲक्सेस रॅम एका सायकलमध्ये दोनदा वाचता येते, म्हणूनच `MAC` ला दोन्ही ऑपरंड एका दमात मिळतात. बाहेरच्या मेमरीला रिसेटनंतर सात वेट स्टेट लागलेले असतात, आणि दोन वाचनं एकापाठोपाठ एक होतात. मग एका टॅपला सोळाच्या आसपास सायकली पडतात आणि आपला ७८ चा फिल्टर हजाराच्या घरात जातो. कोडमध्ये एका अक्षराचाही फरक नसतो. लिंकरच्या कमांड फाइलमध्ये `coef` आणि `xbuf` हे सेक्शन नावानिशी आतल्या रॅमला बांधले नाहीत की असं होऊ शकतं.

फरक भलत्याच प्रमाणात आला, समजा दहापट, तर मेमरीवर आरोप करण्याआधी घड्याळ तपासा. पीएलएल सेट करायचं राहिलं असेल तर चिप १६० मेगाहर्ट्झवर चालतच नसते. त्याची परीक्षा वेगळी करता येते: `XF` च्या दोन आज्ञांमध्ये फिल्टरऐवजी `RPT #99` आणि `NOP` ठेवा, मग `RPT #199` आणि `NOP`. इथे डेटा मेमरीचा संबंधच नाही. शंभर सायकलींचा फरक ६२५ नॅनोसेकंद आला तर घड्याळ ठीक आहे आणि दोष मेमरीत आहे.

एका सायकलीच्याही खाली

सममित सहगुणकांच्या फिल्टरमध्ये पहिला आणि शेवटचा सॅम्पल एकाच आकड्याने गुणले जातात. ते आधी मिळवून मग एकदाच गुणता येतात. सी५४ मध्ये त्यासाठी `FIRS` ही आज्ञा आहे. पुनरावृत्तीत ती एका सायकलमध्ये दोन सॅम्पलची बेरीज करते आणि आधीच्या बेरजेचा गुणाकार दुसऱ्या ॲक्युम्युलेटरमध्ये जमवते, म्हणजे एका सायकलीत दोन टॅप. ६४ टॅप्सची पुनरावृत्ती ३२ वर येते.

त्याची किंमतही आहे. बफर एक राहत नाही, जुन्या आणि नव्या सॅम्पल्सचे ३२-३२ चे दोन होतात. दर सॅम्पलला नव्या बफरमधला सर्वांत जुना सॅम्पल जुन्या बफरमध्ये हलवावा लागतो, आणि त्यातला एक पॉइंटर उलट्या दिशेने फिरवावा लागतो. सहगुणक डेटा मेमरीतून प्रोग्राम मेमरीत जातात, त्यामुळे चालू प्रोग्राममध्ये सहगुणक बदलत राहणाऱ्या ॲडॅप्टिव्ह फिल्टरला ही पद्धत सोयीची नाही. पॉइंटरच्या दुरुस्त्यांमुळे स्थिर खर्च वाढतो, म्हणून छोट्या फिल्टरात हाती फारसं लागत नाही. ३२० टॅप्सच्या फिल्टरात १६० सायकली वाचतात, आणि स्टिरिओ असेल तर दोन्ही चॅनल मिळून ३२०. तिथे हा खटाटोप करावा. पण `MAC` वालं रूप चढत्या आकड्यांच्या परीक्षेत पूर्ण उतरल्यावरच, आणि त्याचं आउटपुट शेजारी ठेवून नव्याशी सॅम्पलागणिक ताडून पाहत.